आटवायच्या आधी बीसीएस पावणेतीन: खुराक आत्ता वाढवू की भाकड काळात?

संगमनेर_गोठा · २० जुलै, सकाळी ७:४०
एचएफ संकरित गाय, तिसरं वेत. १० मार्चला भरवलेली, तपासणीत गाभण पक्की. सध्या दोन्ही वेळचं मिळून ११ लिटर दूध, फॅट ३.७ च्या आसपास. खाणं असं: मका मुरघास १५ किलो, नेपियर ८ किलो, कडबाकुट्टी ३ किलो, आणि सरकी पेंड व गोळी पेंड मिळून ३ किलो. खनिज मिश्रण ५० ग्रॅम. दूध संघाच्या शिबिरात बीसीएसचा, म्हणजे अंगावरच्या चरबीला १ ते ५ गुण द्यायचा तक्ता मिळाला, त्यावरून मी या गाईला २.७५ दिलेत. तक्त्यावर लिहिलंय, विताना ३.२५ ते ३.५ हवेत. मग खुराक कधी वाढवायचा? आमच्याकडे सगळे सांगतात की गाय आटली की दोन महिने दाबून घाला, आपोआप भरते. फोटो टाकलाय.

भाऊसाहेब_दूधवाले · २० जुलै, ८:१५
बरोबर सांगतात. दूध चालू असताना घातलेला खुराक कासेत जातो, अंगाला लागत नाही. गाय आटवा, मग रोज ४ किलो पेंड चालू करा. विताना गाय भरलेली पाहिजे, म्हणजे पुढं दूध धरते.

डॉ_वैरणकट्टा · २० जुलै, ९:३०
भाऊसाहेब, शेवटचं वाक्य अर्धं बरोबर आहे. विताना अंगावर साठा हवा, पण तो भरायची वेळ तुम्ही चुकीची सांगताय. गाभणपणाच्या मधल्या काळात, दूध उतरणीला लागलं की गाईचं शरीर खाल्लेल्याची चरबी सहज करतं. दुधात असलेली गाय जादा ऊर्जा अंगावर चढवते ती आटलेल्या गाईपेक्षा जास्त कार्यक्षमतेने. म्हणजे तेवढीच पेंड ऑगस्टमध्ये अंगाला जास्त लागते, नोव्हेंबरमध्ये कमी. शिवाय भाकड काळातल्या जादा खुराकातून वासरू फार मोठं होत नाही. चरबी साठते, त्यातली बरीच आतड्यांभोवती आणि ओटीपोटात, जी आपल्याला बाहेरून दिसतही नाही. अशी गाय वितानाच खाणं सोडते. मग कितनबाधा, जार अडकणं, चौथं पोट सरकणं, सगळं एकामागून एक.

संगमनेर, तुमच्या तारखा मांडून बघू. १० मार्चला भरवली, २८० दिवस धरले तर १५ डिसेंबरला विते. ६० दिवस आधी आटवायची म्हणजे १६ ऑक्टोबर. आज २० जुलै. आटवायला ८८ दिवस आहेत. तुमचं काम याच ८८ दिवसांत व्हायला हवं. आटवताना ३.२५ दिसले की मग वीतपर्यंत ते तसेच राखायचे, ना चढवायचे ना उतरवायचे.

पण आधी २.७५ खरंच आहेत का ते नक्की करू. फोटो बाजूचाच आहे. मागून आणि थोडं वरून, शेपटीच्या मुळाचा एक हवा.

पंढरपुरी_म्हैस · २० जुलै, ११:०५
माझ्या म्हशीचा स्कोअर ३ आहे, डिसेंबरात विणार. तिलाही आत्ताच वाढवू का? ती ८ महिन्यांची गाभण आहे.

डॉ_वैरणकट्टा · २० जुलै, ११:२०
दादा, आज ८ महिन्यांची गाभण असेल तर डिसेंबरात कशी विणार? म्हैस साधारण ३०५ ते ३१० दिवसांची असते. भरवल्याची तारीख बघा, बहुतेक सप्टेंबरमध्येच विईल. तसं असेल तर चढवायची वेळ गेलीय, आता राखायचं. म्हशीची कातडी जाड आणि गाईइतकी बाहेर चरबी दिसत नाही, त्यामुळे हा तक्ता तिला जसाच्या तसा लावू नका. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

निशा_पशुआहार · २० जुलै, दुपारी १:१०
फोटो येईपर्यंत गुण कसे द्यायचे ते सांगते, कारण बहुतेक लोक बरगड्या आणि पोट बघतात. पोट बघायचंच नाही. मुरघास आणि पाणी पोटात असलं की कृश गायही भरलेली वाटते. गाभण गाईचं तर विचारूच नका.

गाय सपाट जागी, चारही पाय सरळ, मागे सुमारे दोन हात अंतरावर उभं राहा. आधी बाजूने बघा: कमरेजवळ वर आलेलं खुब्याचं हाड, खाली मांडीचा सांधा, आणि शेपटीच्या बाजूला मागचं टोकदार हाड, जे गाय बसताना जमिनीला लागतं. या तिन्हींना जोडणारी रेघ मनात ओढा. रेघ खालच्या टोकाशी कोन करून वळते का? मग गाय ३ किंवा त्याखाली. गोलाईने झोका घेतल्यासारखी वळते? मग ३.२५ किंवा वर. पहिला निर्णय हाच. इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

कोन असेल तर मागून खुब्याचं हाड बघा. ते गोल भरलेलं वाटलं तर ३. ते टोकदार, पण मागच्या हाडावर गादी आहे, तर २.७५. मागचं हाडही टोकदार, बोटाने दाबल्यावर थोडी चरबी हाताला लागते, तर २.५. तीही लागत नसेल तर २.५ पेक्षा कमी, मग भकाळीच्या वरची कमरेची आडवी हाडं बघावी लागतात. त्यांची टोकं कण्याकडे अर्ध्यापर्यंत मोजता आली तर २.२५, पाऊण भाग दिसला तर २.

गोलाई असेल तर शेपटीच्या मुळाजवळचे दोन दोरीसारखे पट्टे बघायचे: एक खुब्याकडून कण्याकडे जातो, दुसरा मागच्या हाडापासून शेपटीच्या मुळाकडे. दोन्ही स्पष्ट दिसले तर ३.२५. शेपटीचा पट्टा जेमतेम दिसतो तर ३.५. तो दिसतच नाही आणि कण्याकडचाही जेमतेम, तर ३.७५. दोन्ही बुजले तर ४.

केदार_वायकाटो · २० जुलै, ४:३५
न्यूझीलंडहून. एक लक्षात ठेवा, इथल्या व्हिडिओंत तुम्हाला "विताना ५ गुण, कालवडीला साडेपाच" असं ऐकायला मिळेल. ते १ ते १० च्या तक्त्यावर. तिथले ५ म्हणजे तुमच्या पाचच्या तक्त्यात तीन ते सव्वातीनच्या दरम्यान. मागच्या वर्षी एका ग्रुपवर कुणी तरी गाईला पाचपैकी पाच गुण आणायचे म्हणून खुराक ओतत होता. ऑस्ट्रेलियात आणखी वेगळा, १ ते ८ चा तक्ता आहे.

संगमनेर_गोठा · २० जुलै, संध्या. ६:५०
मागचे फोटो टाकले. निशाताईंच्या सांगण्याप्रमाणे बघितलं. बाजूने कोन आहे. खुब्याचं हाड टोकदार, मागच्या हाडावर गादी जाणवते. म्हणजे २.७५ च ना?

निशा_पशुआहार · २० जुलै, ७:२०
हो, फोटोत तेच दिसतंय. पण घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तुमचे गुण न सांगता द्यायला लावा. दोघांत पाव गुणाचा फरक चालतो, अर्धा आला तर पुन्हा बघा. यापुढे मोजताना नेहमी एकाच माणसाने आणि सकाळी खायच्या आधी. शेवटच्या आठवड्यात मात्र मोजू नका. विताना कमरेचे स्नायुबंध सैल पडतात, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डा दिसतो, आणि गाय एका रात्रीत अर्धा गुण उतरली असं वाटतं. चरबी तेवढीच असते.

डॉ_वैरणकट्टा · २० जुलै, रात्री ९:००
आता हिशेब. संगमनेर, गाईचं वजन माहीत आहे का? नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर इंचात, पुढच्या पायांच्या लगेच मागे. लांबी खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत, तीही इंचात. घेर × घेर × लांबी ÷ ६६० केलं की किलो. घेर ७०, लांबी ६० असेल तर ४९०० × ६० ÷ ६६० म्हणजे ४४५ किलो.

अशा गाईत एक पूर्ण गुण म्हणजे ५० ते ६० किलो अंगावरचं वजन. तुम्हाला अर्धा गुण हवा, म्हणजे २५ ते ३० किलो. ८८ दिवसांत भागले तर दिवसाला २८० ते ३४० ग्रॅम. त्यासाठी आज खाते त्याच्यावर साधारण १ ते सव्वा किलो दर्जेदार खुराक जादा लागेल. याहून जास्त घालण्यात अर्थ नाही. १ किलो मका भरडा चढवा, पण एकदम नाही. २५० ग्रॅमने सुरुवात, दर दोन-तीन दिवसांनी तेवढाच आणखी. एकदम १ किलो ओतला तर शेण पातळ होईल, फॅट पडेल आणि लोक म्हणतील मका मानवत नाही. भरडा बारीक पिठासारखा नको, जाडसर हवा.

एक चूक इथे हमखास होते. दूध ११ वरून ९ झालं की माणूस लगेच पेंड कमी करतो, कारण लिटरमागे ४०० ग्रॅम असा हिशेब डोक्यात असतो. या गाईला दूध उतरताना पेंड लगेच कमी करू नका. उतरलेल्या दुधातून सुटलेली ऊर्जाच अंगावर चढते. ३.२५ दिसले की मग दुधाच्या हिशेबात आणा. नाहीतर तीच गाय ऑक्टोबरात पावणेचार होईल.

भाऊसाहेब_दूधवाले · २१ जुलै, ६:४५
डॉक्टर, मग आमच्याकडच्या गाई इतकी वर्षं आटवल्यावरच दाबून खाल्ल्या, त्यांना काही झालं नाही.

डॉ_वैरणकट्टा · २१ जुलै, ८:०५
आटवायच्या वेळी अडीच-पावणेतीन असलेल्या गाई असतील तर कदाचित फार बिघडलं नसेल. त्यांना पहिल्या पाच-सहा आठवड्यांत पाव गुण चढवणं चालतं. पण आटवताना साडेतीन असलेल्या गाईला तुम्ही तेच ४ किलो घातलंत तर ती ४ च्या वर जाते. त्या गाईला विल्यावर पंधरवड्यात काय होतं, ते आठवून बघा: पेंड ओढत नाही, वैरण चघळत बसते, दूध एक-दोन आठवडे चढतं मग झपकन खाली येतं. गावात त्याला दृष्ट लागली म्हणतात.

कारण सरळ आहे. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत सगळ्याच गाईंचं खाणं कमी होतं, पण जाड गाईचं जास्त कमी होतं आणि लवकर कमी होतं. खाणं कमी झालं की अंगावरची चरबी वितळून रक्तात येते. काळजाला, म्हणजे यकृताला, तेवढी जाळता येत नाही, ती काळजातच साठते. आणि काळीज चरबीने भरलं की भूक आणखी मरते.

गीरप्रेमी · २१ जुलै, १०:३०
माझ्या गीर गाईवर वरचं लावलं तर सगळ्याच ३ च्या खाली येतात. त्यांचे पुठ्ठे उतरते असतात. पण दिसायला धडधाकट आहेत. सगळ्यांना भरडा सुरू करू का?

निशा_पशुआहार · २१ जुलै, ११:१५
गीरला कोन-गोलाईची रेघ फसवते, कारण पुठ्ठा उतरता आणि कातडी ढिली. मी तिथे हाताने बघायला सांगते: कमरेच्या आडव्या हाडांच्या टोकांवर तळहात ठेवायचा. टोकं बोटांना टोचली तर कमी. हलकं दाबल्यावर जाणवली तर मध्यम. जोरात दाबूनही नीट जाणवली नाहीत तर जादा. शेपटीच्या मुळाचा खड्डाही हातानेच. पण गीरला पाचच्या तक्त्यातले नेमके कोणते गुण विताना योग्य, यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. तुमच्याच गोठ्यातली जी गाय वितल्यावर नीट खाते आणि नीट माजावर येते, तिच्या फोटोशी ताडून बघा. वशिंड बघून गुण देऊ नका.

कोल्हापूर_वाढे · २१ जुलै, दुपारी १२:५०
आमच्याकडे ऊस सुरू झाला की चार महिने वाढेच. डिसेंबरला विणाऱ्या गाईला वाढे आणि भरडा चालेल का?

डॉ_वैरणकट्टा · २१ जुलै, २:१०
गुण चढवायला वाढे उपयोगी नाहीत. पोट भरतं, अंगाला लागत नाही. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. एकूण वैरणीच्या एक तृतीयांशाहून जास्त वाढे देऊ नका, बाकी कडबा किंवा मुरघास. आणि शेवटच्या तीन आठवड्यांत जो गडी कॅल्शियमची बाटली पाजायला सुचवतो त्याला थांबवा. वीतपूर्व गाईला भरपूर कॅल्शियम दिलं तर हाडांतून कॅल्शियम काढायची तिची सवयच मोडते, आणि विल्यावर दुग्धज्वराने बसते. त्याच कारणाने शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघासही हात आखडून.

निशा_पशुआहार · २१ जुलै, ४:००
भाकड काळाचं जेवण कसं ठेवायचं, हे अजून कुणी सांगितलं नाही. संगमनेर, तुमची गाय १६ ऑक्टोबरला ३.२५ वर आटली असं धरून सांगते. पहिले पाच-साडेपाच आठवडे: कडबाकुट्टी ४ किलो, मका मुरघास १० किलो, नेपियर ५ किलो, सोयाबीन पेंड १ किलो, आणि खनिज मिश्रण. साडेचारशे किलोच्या गाईला त्यात जवळपास गरजेइतकी ऊर्जा मिळते, फार जादा नाही. कडबा भरपूर ठेवण्यामागचा हेतूच तो: पोट भरावं पण चरबी चढू नये. पण "आटलेली आहे, कडब्यावर ठेवा" म्हणत पेंडच बंद केली तर प्रथिनं इतकी कमी पडतात की पोटातले जंतू काम करत नाहीत, कडबा पचत नाही आणि चीकही पातळ येतो. ती १ किलो सोयाबीन पेंड चरबीसाठी नाही, प्रथिनांसाठी आहे. कडबा लांब नको, २ ते ३ सेंटीमीटर कुट्टी. लांब ठेवला तर गाय वेचून मुरघासच खाते आणि कडबा गव्हाणीत राहतो. शिल्लक काय राहिलं ते रोज बघा.

२४ नोव्हेंबरपासून, म्हणजे विण्याच्या २१ दिवस आधी, खुराक हळूहळू चढवायचा. दोन किलोपर्यंत पुरे. हे गाय जाड करायला नाही. वितल्यावर जी पेंड आणि मका ती खाणार आहे, त्याची पोटातल्या जंतूंना आणि पोटाच्या आतल्या अस्तराला सवय व्हायला किमान तीन आठवडे लागतात.

डॉ_वैरणकट्टा · २१ जुलै, ५:२५
निशाताईंशी इथे थोडा वाद. पूर्वी आपल्याकडच्या विस्तार पुस्तिकांत वीतपूर्व पंधरवड्यात अर्धा किलोपासून सुरू करून रोज तीन-चारशे ग्रॅम चढवत न्यायची शिफारस असायची, वीतपर्यंत शंभर किलो वजनामागे अर्धा ते एक किलो. म्हणजे मोठ्या गाईला चार किलोच्या वर. मी ते आता देत नाही. पण तुमचे २ किलो पंधरा लिटरच्या गाईला ठीक, पंचवीसच्या वरच्या गाईला मी ३ पर्यंत जातो.

निशा_पशुआहार · २१ जुलै, ६:१०
पंचवीस लिटरच्या गाईला ३ मान्य. पण मग सवा तीनच्या वर असलेल्या गाईला नाही. आणि तक्त्यावर विताना ३.५ पर्यंत चांगलं म्हटलंय, मी ३ ते ३.२५ म्हणते. साडेतीनवर वितणारी गाय पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक पाऊण ते एक गुण उतरवते. तीनवर वितणारी अर्धाच. माजावर यायला जो तोटा होतो तो किती उतरली त्यावर, किती होती त्यावर कमी.

डॉ_वैरणकट्टा · २१ जुलै, ७:००
मुक्त गोठा, एप्रिल-मेची उष्णता, विल्यावर अर्धा खुराक सांडून जाणारी गाय: अशा ठिकाणी तीनवर विली तर महिन्याभरात सवादोनला येते. खाणं नीट पोहोचत असेल तरच तुमचे तीन. मी संगमनेरसारख्या गोठ्यात ३.२५ ते ३.५ म्हणेन, त्याहून वर नाही.

नवीन_गोठाधारक · २२ जुलै, ९:४०
माझी एक गाय फळेचना, चार वेळा भरवली. आता २४० दिवस झालेत विऊन, दूध ६ लिटर, स्कोअर ४. गाभण राहिली तर आटवताना उपाशी ठेवून उतरवू का?

डॉ_वैरणकट्टा · २२ जुलै, १०:२०
उपाशी अजिबात नाही. गाभण गाय, त्यातही भाकड, तिला वजन उतरवायला लावलं की हीच चरबी वितळून काळजात जाते. बाकी तुमची गाय ४ वर गेली कशी, ते बघा. ती गाभण राहत नव्हती, दूध उतरत होतं, पेंड पहिल्याइतकीच चालू होती, हे नक्की. दुधात असताना पेंड आत्ता ६ लिटरच्या हिशेबात आणा: दोन-अडीच किलो आणि अंगासाठी एक किलो. आटवायला अजून वेळ आहे, म्हणून पाव-अर्धा गुण उतरवायला हरकत नाही. महिन्याला पाव गुणाहून जलद नको. आटवल्यावर मात्र जे असेल ते राखायचं, निशाताईंचं कडब्याचं जेवण. वितल्यावर तिसऱ्या दिवसापासून दोन आठवडे रक्तातली कीटोन तपासून घ्या, मीटरवर १.२ च्या वर आलं की डॉक्टरांना सांगा. प्रोपिलीन ग्लायकोल ३०० मिली रोज एकदा पाजायचं, साधारण पाच दिवस, पण ते डॉक्टरांनी ठरवावं.

भाऊसाहेब_दूधवाले · २२ जुलै, १०:४५
बायपास फॅट घातला तर भरडा लागणार नाही. १५० ग्रॅम पुरे.

निशा_पशुआहार · २२ जुलै, ११:३०
बायपास फॅटची खरी जागा विल्यानंतर आहे, तेव्हा ऊर्जा कमी पडते. उतरत्या दुधाच्या गाईला घातला तर त्यातलं बरंच दुधाच्या फॅटमध्ये निघून जातं. मक्यातलं स्टार्च त्यापेक्षा अंगाला चांगलं लागतं, आणि स्वस्तही पडतं. संगमनेर, मका भरडाच ठेवा.

संगमनेर_गोठा · १७ ऑगस्ट, सकाळी ८:१०
चार आठवड्यांनी पुन्हा मोजलं. माझ्या मते २.७५ च, मुलाने ३ दिले. दूध ११ वरून साडेअकरावर गेलं. भरडा १ किलोवर आणला, फॅट ३.६. शेण ठीक आहे. म्हणजे सगळं कासेत गेलं का? भाऊसाहेब म्हणत होते तेच झालं?

भाऊसाहेब_दूधवाले · १७ ऑगस्ट, ८:३०
सांगितलं होतं.

डॉ_वैरणकट्टा · १७ ऑगस्ट, ९:४५
भाऊसाहेब, अर्धा लिटर दूध म्हणजे पाव किलो भरड्याचं काम. पाऊण किलो कुठे गेला ते अजून दिसायचंय. पहिला आठवडा-दीड आठवडा भरडा चढवण्यातच गेला, म्हणजे पूर्ण किलोवर तीनच आठवडे झाले. रोज अडीचशे ग्रॅम चढले तरी ५ किलो. ५ किलोने गुण बदलणार नाहीत, पाव गुणालाही बारा-पंधरा लागतात. म्हणून महिन्याहून आधी मोजूच नये म्हणतात.

तरी एक बघा. मुलाने ३ का दिले? खुब्याचं हाड त्याला गोल वाटलं का? तसं असेल तर सुरुवात झालीय.

आता ६० दिवस उरले. दूध उतरायला लागेल, साधारण सप्टेंबर मध्यापासून गाभही जास्त ओढायला लागेल. भरडा सव्वा किलो करा, त्याहून जास्त नको. १५ सप्टेंबरला पुन्हा मोजा. तेव्हा ३ दिसले तर १६ ऑक्टोबरला सव्वातीन होणं जवळपास नक्की. ३ ही दिसले नाहीत तर मग भरडा वाढवू नका. मुरघासाची प्रत, पाणी आणि गव्हाणीत काय शिल्लक राहतं ते बघायचं, म्हणजे गाय खरंच तेवढं खातेय की नाही. बऱ्याचदा भरडा चढवला की ती कुट्टी कमी खाते आणि एकूण ऊर्जा तेवढीच राहते.

संगमनेर_गोठा · १७ ऑगस्ट, १०:२०
कुट्टी शिल्लक राहतेय, हे खरं. ३ किलोतली एखादा किलो.

निशा_पशुआहार · १७ ऑगस्ट, ११:००
मग आधी कुट्टी बारीक करा, मुरघासात मिसळून द्या, वेगळी टाकू नका. भरडा तेव्हाच, दोन्ही वेळच्या खुराकात अर्धा-अर्धा विभागून. कुट्टी संपायला लागली की मग सव्वा किलो करा, आधी नाही.

कोल्हापूर_वाढे · १७ ऑगस्ट, दुपारी १:३०
आटवताना ३ च निघाले तर? सव्वातीनला पोहोचलीच नाही, असं समजा.

डॉ_वैरणकट्टा · १७ ऑगस्ट, २:१५
३ वर आटवली तरी चालेल, निशाताईंना तर तेच हवंय. ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाव गुण सहज चढेल, त्यासाठी भाकड जेवणात सोयाबीन पेंडीसोबत अर्धा किलो भरडा. २४ नोव्हेंबरनंतर चढवण्याचा नाद सोडायचा. २.५ वर निघाली असती तर मी आटवण दहा-पंधरा दिवस आधी करा म्हटलं असतं, कारण ५-६ लिटर दुधात जाणारी ऊर्जा वाचते.

गीरप्रेमी · १८ ऑगस्ट, ७:५०
तळहाताने बघितलं. सात गाईंत पाच मध्यम, दोन टोचतात. टोचणाऱ्या दोन्ही पहिल्या वेताच्या कालवडी, गाभण आहेत. त्यांना वाढीसाठीही लागतं ना?

निशा_पशुआहार · १८ ऑगस्ट, ९:१०
हो, कालवड अजून वाढतेय, तिला गाभणपणाच्या मधल्या महिन्यांतच खुराक वाढवायला हवा. पण सातव्या महिन्यानंतर नाही. जाड कालवडीच्या जन्ममार्गातही चरबी साठते आणि वासरू अडकतं. दोघींच्या भरवल्याच्या तारखा टाका.